परवानगी मिळाली, मुदत नाही

दिवाणी न्यायालयात साक्षीपुराव्याच्या टप्प्यावर आलेल्या दाव्यात एखाद्या दिवशी वादीच्या वकिलांच्या लक्षात येते की दाव्याच्या बांधणीतच खोट राहिली आहे. मिळकतीचा गट नंबर चुकला आहे, किंवा जिथे दावा लावायला हवा होता ते न्यायालयच हे नव्हे. अशा वेळी एक अर्ज टाइप होतो: ‘दाव्यात तांत्रिक दोष असल्याने तो काढून घेण्यास व त्याच कारणावरून नव्याने दावा दाखल करण्यास परवानगी मिळावी.’ प्रतिवादीचे म्हणणे घेतले जाते आणि अर्जावर आदेश होतो, ‘मंजूर’. पक्षकाराला वाटते, पाटी कोरी झाली, आता सगळे पहिल्यापासून. त्याच्या नजरेतून एकच गोष्ट सुटते. मुदत मोजणारे घड्याळ या मधल्या काळात थांबलेलेच नव्हते.

या प्रकरणात मी तेवढ्याच एका गोष्टीचा पाठपुरावा करणार आहे. नव्याने दावा लावण्याची मुभा कायदा देतो, पण त्या मुभेसोबत वेळ देतो का? बहुतेक वेळा देत नाही. जिथे देतो ती वाट अरुंद आहे, आणि तिथून जायचे असेल तर तयारी अर्जाच्या मसुद्यापासूनच करावी लागते.

आधी मूळ तरतूद पाहू. दिवाणी प्रक्रिया संहिता 1908 मधला आदेश 23, नियम 1 हा त्यासाठीचा. वादी आपला दावा कधीही सोडून देऊ शकतो आणि त्यासाठी त्याला कोणाची परवानगी लागत नाही. वादी अज्ञान असेल तर मात्र न्यायालयाची अनुमती लागते, आणि वादी अनेक असतील तर एकट्याला इतरांच्या संमतीशिवाय दावा सोडता येत नाही. पण असा दावा सोडला की त्याच विषयावर पुन्हा दावा लावण्याचा रस्ता बंद होतो. नियमाचे चौथे उपकलम हे स्पष्ट शब्दांत सांगते. म्हणून ‘वादीस दावा चालवायचा नाही, दावा काढून घेत आहे’ अशी दोन ओळींची पुरशिस आणि ‘नवीन दाव्याच्या परवानगीसह काढून घेत आहे’ असा अर्ज यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. पहिल्या कागदावर सही करताना पक्षकार आपला हक्क मागण्याचा मार्गच सोडून देत असतो. गावाकडे तडजोडीच्या आशेवर अशा पुरशिसी दिल्या जातात आणि तडजोड फिसकटल्यावर लोक पुन्हा न्यायालयाची पायरी चढतात, तेव्हा त्यांना हे कळते. याचे मला फार वाईट वाटते, कारण परवानगी मागणारे एक वाक्य लिहायला दोन मिनिटे लागतात.

परवानगी देण्याची कारणे तिसऱ्या उपकलमात आहेत. एखाद्या औपचारिक दोषामुळे दावा फेटाळला जाणे अटळ असेल, किंवा नवा दावा लावू देण्यास पुरेसे कारण असेल, तर न्यायालय योग्य वाटतील त्या अटींवर परवानगी देऊ शकते. औपचारिक दोष म्हणजे हक्काच्या गाभ्याशी संबंध नसलेला दोष. शासनाविरुद्ध दावा लावण्यापूर्वी कलम 80 ची नोटीस दिली नाही, हे त्याचे ठळक उदाहरण. पुरावा कमी पडला किंवा साक्षीदार उलटतपासणीत घसरला, हा औपचारिक दोष नव्हे. ती उणीव भरून काढण्यासाठी दुसरा डाव मागता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने 2000 साली अशाच एका प्रकरणात बजावले की ही परवानगी अपवाद म्हणून, प्रतिवादीला बसणारा भुर्दंड लक्षात घेऊन आणि विचारपूर्वक द्यायची असते. मागणी वाचून तिच्यावर नुसते ‘मंजूर’ लिहिणे पुरेसे नाही.

आणखी एक बारकावा. दावा काढून घेणे आणि परवानगी मागणे हा एकच अखंड अर्ज असतो. न्यायालयाला परवानगी द्यायची नसेल तर अर्ज पूर्ण नामंजूर करून दावा पुढे चालवावा, ‘दावा काढून घेतला असे समजावे, पण परवानगी नाही’ असा अर्धा आदेश करू नये, असे उच्च न्यायालयांनी पुन्हा पुन्हा सांगितले आहे. असा अर्धा आदेश झालाच, तर त्याला लगेच आव्हान द्यावे लागते.

आता त्याच आदेशातला नियम 2 पाहू. तो जेमतेम एका वाक्याचा आहे, आणि या प्रकरणाचा सारा भार त्याच्यावर आहे. परवानगीने लावलेल्या नव्या दाव्यात, पहिला दावा कधी दाखल झालाच नव्हता असे धरून वादी मुदतीच्या कायद्याने बांधला जातो, असे तो सांगतो. पहिला दावा मुदतीत होता, चार वर्षे चालला, वादी प्रत्येक तारखेला हजर होता, यातले काहीच मोजले जात नाही. यामागचे कारण समजण्यासारखे आहे. दावा लावायचा, काढून घ्यायचा, पुन्हा लावायचा, आणि प्रत्येक वेळी घड्याळ थांबायचे, असे झाले असते तर मुदतीला अर्थच उरला नसता आणि प्रतिवादीच्या मानेवरची टांगती तलवार कधीच उतरली नसती.

हे एका कल्पित उदाहरणातून पाहू. सिन्नर तालुक्यातली दीड एकर जमीन. मालक संगमनेरला राहतो. खरेदीदाराने इसार देऊन साठेखत करून घेतले. खरेदीखत 31 मार्च 2012 पर्यंत करून द्यायचे, अशी तारीख साठेखतातच घातली होती. ती तारीख उलटली, मालक टाळाटाळ करू लागला. करार पाळून घेण्याच्या दाव्याला मुदत कायदा 1963 च्या अनुच्छेद 54 प्रमाणे तीन वर्षे मिळतात. करारात तारीख ठरलेली असेल तर ती त्या तारखेपासून मोजायची. म्हणजे शेवटचा दिवस 31 मार्च 2015. खरेदीदाराने 20 ऑगस्ट 2014 रोजी दावा लावला. सात महिन्यांहून जास्त मुदत हाताशी होती.

समजा, दावा सिन्नरच्या न्यायालयात, म्हणजे योग्य ठिकाणीच लागला, पण दाव्यात गट नंबर 214 ऐवजी 241 पडला. साठेखतात आणि सातबाऱ्यावर 214 आहे, चुकला तो फक्त दाव्याचा मसुदा. तीन वर्षांनी उलटतपासणीत प्रतिवादीच्या वकिलांनी हे काढले. वादीने घाईने परवानगीसह दावा काढून घेण्याचा अर्ज दिला, 12 जानेवारी 2018 रोजी तो मंजूर झाला, आणि 5 मार्च 2018 ला नवा दावा दाखल झाला. तो पहिल्याच दिवशी मुदतबाह्य आहे. 31 मार्च 2015 ला दार बंद झाले होते आणि नियम 2 ने पहिला दावा पुसून टाकला आहे. प्रतिवादीने मुदतीचा मुद्दा उपस्थित केला नाही तरी मुदत कायद्याच्या कलम 3 प्रमाणे न्यायालयाला तो दावा फेटाळावाच लागतो. मुदत संपल्याचे वादपत्रावरूनच दिसत असेल तर आदेश 7 नियम 11 खाली वादपत्र पुरावा न घेताच नाकारले जाऊ शकते. विलंब माफीचे कलम 5 इथे उपयोगी नाही, कारण ते अपील आणि अर्जांसाठी आहे, दाव्यांना लागू होत नाही. परवानगीचा आदेश हातात असूनही वादी रिकाम्या हाताने घरी जातो.

इथे खरा उपाय वेगळा होता. दाव्यात दुरुस्ती मागायची होती. आदेश 6 नियम 17 खाली वादपत्रात बदल करता येतो, आणि दुरुस्ती मंजूर झाली की ती साधारणपणे मूळ दावा दाखल झाला त्या दिवसापासूनच धरली जाते. म्हणजे मुदतीचा प्रश्न उठत नाही. 2002 च्या सुधारणेनंतर चौकशी सुरू झाल्यावर दुरुस्ती मिळवणे कठीण झाले आहे, योग्य काळजी घेऊनही ती आधी मागता आली नाही हे पटवावे लागते. तरीही दाव्याचा विषय न बदलणारी, साठेखताशी ताडून पाहता येणारी आकड्याची चूक सुधारून मागणे, हे मुदत गेलेला नवा दावा लावण्यापेक्षा कितीतरी सुरक्षित. म्हणून अर्ज टाइप करण्याआधी वकिलांच्या टेबलावर पहिला प्रश्न हाच हवा: आज दावा नव्याने लावला तर तो मुदतीत बसतो का? मालकी हक्कावरून ताबा मागण्याच्या दाव्याला बारा वर्षे असतात. त्यातली चारच गेली असतील तर नियम 2 ची भीती नाही, काढून घ्या आणि खुशाल नव्याने लावा. करार, उसने पैसे, नुकसानभरपाई अशा तीन वर्षांच्या दाव्यांत मात्र पहिला दावा साक्षीपुराव्यापर्यंत येतो तोवर मुदत बहुधा सरलेली असते.

आता त्या अरुंद वाटेकडे वळू. मुदत कायद्याचे कलम 14 सांगते की वादी प्रामाणिकपणे आणि योग्य तत्परतेने दुसऱ्या न्यायालयात त्याच विषयावर, त्याच प्रतिवादीविरुद्ध दावा चालवत होता, पण त्या न्यायालयाला अधिकारक्षेत्राच्या दोषामुळे किंवा तशाच स्वरूपाच्या कारणामुळे तो ऐकता येत नव्हता, तर तो काळ मुदतीतून वगळायचा. हे आदेश 23 च्या नियम 2 शी कसे जुळवायचे? पहिला दावा नव्हताच असे धरायचे, की त्याचा काळ वगळायचा? 1963 च्या कायद्याने कलम 14 मध्ये तिसरे उपकलम घालून याचे उत्तर दिले. नियम 2 मध्ये काहीही म्हटलेले असले तरी, पहिला दावा अधिकारक्षेत्राच्या दोषामुळे किंवा तशाच कारणाने फेटाळला जाणे अटळ होते या कारणास्तव परवानगी दिली असेल, तर नव्या दाव्याला कलम 14 चा लाभ मिळतो.

‘या कारणास्तव परवानगी दिली असेल’ या शब्दांवर बोट ठेवून थांबावे. लाभ मिळायचा तर परवानगीचे कारण तेच असले पाहिजे. वादीच्या मनातले कारण पुरत नाही. अर्जात ‘तांत्रिक दोष’ एवढेच मोघम लिहिले आणि न्यायालयाने त्यावर ‘मंजूर’ म्हटले, तर पुढच्या न्यायालयात वादीला रोजनामा, जुन्या कैफियती आणि निशाण्या उलगडत बसून सिद्ध करावे लागते की दोष अधिकारक्षेत्राचाच होता.

उदाहरण तेच ठेवू, दोष बदलू. गट नंबर बरोबर आहे, पण साठेखत संगमनेरला झाले आणि मालक तिथेच राहतो म्हणून दावा संगमनेरच्या न्यायालयात लागला. दाव्यात खरेदीखताबरोबर जमिनीचा ताबाही मागितला होता. जमीन सिन्नर तालुक्यात, म्हणजे नाशिक जिल्ह्यात. संहितेच्या कलम 16 प्रमाणे स्थावर मिळकतीच्या ताब्याचा दावा मिळकत असेल तिथेच लावायचा असतो. गुडगावच्या भूखंडाचा दावा दिल्लीत लावलेल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 2005 मध्ये हेच सांगितले. प्रतिवादीचा पत्ता दिल्लीचा असला तरी चालत नाही, आणि पक्षकारांच्या संमतीनेही हा अधिकार निर्माण होत नाही.

अशा वेळी एक पर्याय म्हणजे न्यायालयाने वादपत्र योग्य न्यायालयात दाखल करण्यासाठी परत देणे, आदेश 7 नियम 10 खाली. दोष निखळ अधिकारक्षेत्राचा असेल तर मला हा मार्ग जास्त स्वच्छ वाटतो, कारण तिथे कलम 14 थेट लागू होते, परवानगीच्या शब्दांवर काही अवलंबून राहत नाही. एक समज मात्र दूर करायला हवा. परत मिळालेले वादपत्र दुसऱ्या न्यायालयात दिले म्हणजे जुना दावा पुढे चालू राहतो असे नाही. तो नवाच दावा असतो, आणि मधला काळ कलम 14 च्या हिशेबानेच वगळावा लागतो.

समजा वादीने परवानगीचा मार्ग घेतला आणि संगमनेरच्या न्यायालयाने 12 जानेवारी 2018 रोजी अधिकारक्षेत्राच्या दोषाचा स्पष्ट उल्लेख करून परवानगी दिली. आता दिवस मोजू. पहिला दावा दाखल झाला तो दिवस आणि संपला तो दिवस, दोन्ही वगळायच्या काळात धरायचे, असे कलम 14 चे स्पष्टीकरण सांगते. 20 ऑगस्ट 2014 ते 12 जानेवारी 2018 हे एकूण 1242 दिवस होतात. मूळ शेवटचा दिवस 31 मार्च 2015. त्यापुढे 1242 दिवस मोजले की 24 ऑगस्ट 2018 येतो. दुसऱ्या बाजूने पडताळून पाहा. दावा लागला त्या दिवसापासून 31 मार्च 2015 पर्यंत 224 दिवस उरले होते, आणि 13 जानेवारी 2018 पासून 224 वा दिवसही 24 ऑगस्ट 2018 च आहे. म्हणजे 5 मार्चला सिन्नरमध्ये लावलेला दावा मुदतीत बसतो.

हा हिशेब सोपा वाटतो, पण त्यात एक खाच आहे. वादीने पहिला दावा मुदत संपायच्या तोंडावर, समजा 28 मार्च 2015 ला लावला असता, तर हातात 28, 29, 30 आणि 31 असे चारच दिवस उरले असते. मग परवानगीनंतरही चारच दिवस मिळाले असते. आदेशाची नक्कल काढायला लागणारा वेळ या चार दिवसांत मिळवता येत नाही, कारण नकलेचा वेळ वगळण्याची सवलत अपील आणि तत्सम अर्जांसाठी आहे, नव्या दाव्यासाठी नाही. म्हणून अशा वादीने परवानगीचा अर्ज देण्याआधीच नव्या न्यायालयाचे वादपत्र, न्यायालय शुल्क आणि वकीलपत्र तयार ठेवावे लागते. परवानगीला खर्च भरण्याची अट असेल आणि तो भरल्याशिवाय दावा लावता येणार नाही असे आदेशात असेल, तर तो खर्चही त्याच चार दिवसांत भरायचा.

हिशेब जुळला तरी प्रामाणिकपणाची कसोटी उरतेच. मुदत कायद्याने ‘सद्भावना’ या शब्दाची स्वतःची व्याख्या केली आहे. योग्य काळजी आणि लक्ष देऊन न केलेली कोणतीही गोष्ट सद्भावनेने केली असे धरले जात नाही. मनात कपट नव्हते एवढ्याने भागत नाही. आमच्या उदाहरणातल्या प्रतिवादीने 2014 च्या कैफियतीतच ‘जमीन सिन्नरला आहे, या न्यायालयाला अधिकार नाही’ असे लिहिले असेल आणि वादीने तरीही तीन वर्षे तारखा घेत काढली असतील, तर सिन्नरचे न्यायाधीश विचारणारच: हरकत समोर असताना तुम्ही कशाची वाट पाहत होता? कायद्याचा प्रश्न खरोखर वादाचा होता, उच्च न्यायालयाचे दोन निर्णय दोन बाजूंना जात होते, असे दाखवता आले तर वादी तरतो. सर्वोच्च न्यायालयाने कन्सॉलिडेटेड इंजिनिअरिंग एंटरप्रायझेस या 2008 च्या प्रकरणात कलम 14 चा अर्थ उदारपणे लावायला सांगितले आहे. पण ती उदारता वाट चुकलेल्यासाठी आहे, चूक दाखवून दिल्यावरही जागेवर बसून राहिलेल्यासाठी नाही.

‘तशाच स्वरूपाचे कारण’ याचा आवाकाही ध्यानात ठेवायला हवा. कलमाच्या स्पष्टीकरणात पक्षकारांची किंवा दाव्याच्या कारणांची गैरवाजवी सरमिसळ ही अधिकारक्षेत्राच्या दोषासारखी धरली आहे. चार वेगवेगळ्या खरेदीदारांनी चार वेगळ्या साठेखतांवरून एकच दावा लावला, तर ती अशी सरमिसळ ठरू शकते. पण आपल्याकडे जास्त दिसणारी चूक उलटी असते. वाटपाच्या दाव्यात लग्न झालेली बहीण सोडून दिलेली असते. आवश्यक पक्षकार वगळणे म्हणजे सरमिसळ नव्हे, स्पष्टीकरणाचे शब्द तिथवर पोहोचत नाहीत. बहिणीला आदेश 1 नियम 10 खाली त्याच दाव्यात सामील करून घ्यावे, त्यासाठी दावा काढून घेण्याची गरज नाही.

शेवटी नव्या वादपत्राचे काम येते. आदेश 7 नियम 6 सांगतो की मूळ मुदत संपल्यावर दावा लावताना, सूट कशाच्या आधारे मागतो ते वादपत्रातच लिहावे लागते. सिन्नरच्या वादीने मुदतीच्या परिच्छेदात साधारण असे लिहावे: ‘वादीने याच करारावरून, याच प्रतिवादीविरुद्ध संगमनेर येथील दिवाणी न्यायालयात 20 ऑगस्ट 2014 रोजी दावा दाखल केला होता. मिळकत त्या न्यायालयाच्या स्थानिक हद्दीबाहेर असल्याने दावा चालू शकत नाही, या कारणास्तव न्यायालयाने 12 जानेवारी 2018 रोजी तो नव्याने दाखल करण्याच्या परवानगीसह काढून घेऊ दिला. सदर दावा वादीने सद्भावनेने व तत्परतेने चालवला असल्याने हे 1242 दिवस वगळता हा दावा मुदतीत आहे.’ सोबत जुन्या वादपत्राची, कैफियतीची, परवानगीच्या अर्जाची आणि त्यावरील आदेशाची प्रमाणित नक्कल जोडावी, आणि रोजनाम्याचीही. कोणत्या तारखेला कोणी वेळ मागून घेतला ते रोजनाम्यावरूनच कळते, आणि तत्परता सिद्ध करण्याचा भार वादीवर आहे.